40 बाय 20 च्या होर्डिंगवर वारा 3 टन की 8 टन? एका युनिपोलचा पूर्ण हिशोब

प्रश्न: सर, आडगावच्या पुढे हायवेला लागून आमच्या शेतात 40 बाय 20 फुटाचं युनिपोल होर्डिंग उभं करायचंय, खाली 20 फूट मोकळं. परवानगीसाठी विंड लोडची नोट मागितलीय. एका इंजिनियरने वाऱ्याचा लोड 3 टन काढून 3 मीटर बाय 3 मीटरचं फूटिंग दिलं, दुसरा म्हणतो लोड 8 टनाच्या वर आहे, फूटिंग 5 मीटरचं लागेल. खर्च जवळपास तिप्पट होतोय. एवढा फरक येतोच कसा, कुणाचं खरं मानू?

उत्तर:

दोघांनी कोड एकच वापरलाय, वाऱ्याच्या लोडचा भारतीय मानक कोड, आयएस 875 भाग 3, 2015 चा. फरक सगळा त्यातल्या तीन-चार आकड्यांच्या निवडीत आहे आणि ते आकडे कुठून आले हे तुम्हाला स्वतःला कळलं पाहिजे, कारण होर्डिंग पडलं तर शेत तुमचं आणि रस्ता लोकांचा. मी नाशिकमध्येच स्ट्रक्चरलचं काम करतो, शंभरेक होर्डिंग तपासली असतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात वाऱ्याच्या मूळ वेगापासून. कोडमध्ये नाशिकचा बेसिक विंड स्पीड 39 मीटर प्रति सेकंद दिलाय, म्हणजे ताशी साधारण 140 किलोमीटर. लोक लगेच म्हणतात की अहो नाशकात एवढा वारा कधी सुटला, पेपरात तर 40-50 किमीचा वारा म्हणून येतं. तर हा 39 म्हणजे दिवसभर वाहणारा वारा नाही, तो 3 सेकंदांचा झोत आहे, मोकळ्या जागी 10 मीटर उंचीवरचा, 50 वर्षांच्या हिशोबाने धरलेला. मे महिन्यात दुपारी आभाळ भरून येतं आणि वळीव पडायच्या आधी जो एक झपाटा येऊन द्राक्षबागेचे मांडव आडवे करतो ना, तसा झोत डोळ्यासमोर आणा. होर्डिंग पाडायला 3 सेकंद भरपूर झाले.

आता या 39 ला चार गुणक लागतात आणि त्यातून दाब निघतो:

```
Vz = Vb × k1 × k2 × k3 × k4
pz = 0.6 × Vz²     (Vz: m/s, pz: N/m²)
pd = Kd × Ka × pz
```

दाब वेगाच्या वर्गावर जातो हे लक्षात ठेवा, म्हणजे वेगात 10 टक्के कमी धरलं की दाबात जवळपास 19 टक्के जातात. 3 टनाची सगळी जादू इथेच आहे.

पहिला k1. हा स्ट्रक्चर किती वर्षांसाठी आणि किती धोक्याचं यावर ठरतो. नेहमीच्या बांधकामाला 50 वर्षं धरून 1.0. तुमच्या पहिल्या इंजिनियरने नक्की 0.76 घेतला असणार (खाली आकडा जुळवून दाखवतो), तो 5 वर्षांच्या तात्पुरत्या शेडसाठीचा आहे, बांधकाम चालू असतानाच्या सेंट्रिंगसाठी वगैरे. युक्तिवाद नेहमीचा असतो, की परवाना थोड्या वर्षांचाच आहे. पण परवाना रिन्यू होत राहतो आणि खांब तिथेच असतो, मी स्वतः पंधरा-पंधरा वर्षं जुनी "तात्पुरती" होर्डिंग बघितलीत. कुंभमेळ्याच्या तोंडावर तर हा 0.76 फार दिसायला लागलाय. हायवेच्या कडेला, खालून एसटी आणि दुचाकी जाणार, तिथे 1.0 च्या खाली यायचं नाही, माझ्यापुरता तरी हा विषय संपला.

दुसरा k2, यात उंची आणि आजूबाजूचा परिसर येतो, यालाच एक्सपोजर म्हणतात. कोडमध्ये परिसराच्या चार कॅटेगरी आहेत. पहिली अगदी उघडी, दुसरी म्हणजे मोकळं शेत आणि मध्ये विखुरलेली झाडं-घरं, तिसरी म्हणजे 10 मीटरपर्यंतच्या इमारतींची दाटी, चौथी म्हणजे उंच इमारतींचं शहर. तुमचा बोर्ड जमिनीपासून 12 मीटरपर्यंत जातोय. त्या उंचीला कॅटेगरी 2 मध्ये k2 येतो 1.02 आणि कॅटेगरी 3 मध्ये 0.934. दिसायला किरकोळ, पण वर्ग केला की दाबात 16 टक्क्यांचा फरक.

तुमची जागा कॅटेगरी 2 आहे, यात वादच नाही. कॉलेज रोडला एखादा बोर्ड असता तर मी 3 चा विचार केला असता. पण आडगाव-ओझरच्या पट्ट्यात एका अंगाला हायवे, म्हणजे वाऱ्याला मोकळी पन्हाळच, आणि दुसऱ्या अंगाला सपाट शेतं. कॅटेगरी ठरवताना सगळ्यात उघडी बाजू बघायची असते, सगळ्यात झाकलेली नाही. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेचा असला तरी वळवाचा झोत कुठूनही येतो. आणि हो, "शेजारी चार मजली होणार आहे" हे कारण चालत नाही, होईल तेव्हा होईल.

k3 टेकडी-चढासाठी असतो, तुमच्या सपाट जागेला 1.0. पांडवलेणीच्या अंगाला किंवा घाटाच्या तोंडाशी बोर्ड असेल तर हा 1.36 पर्यंत जाऊ शकतो, तिथे मात्र डोंगराचा उतार मोजूनच काढायचा. k4 समुद्रकाठच्या वादळी पट्ट्यासाठी आहे, आपल्याला 1.0.

म्हणजे Vz आला 39 × 1.02 = 39.8, आणि दाब 0.6 गुणिले त्याचा वर्ग, 950 न्यूटन प्रति चौरस मीटर. सोप्या भाषेत दर चौरस मीटरला 95 किलो.

यावर कोड अजून दोन सवलती देतो. Kd म्हणजे वाऱ्याची दिशा, होर्डिंगला 0.9. Ka म्हणजे मोठ्या पृष्ठभागावर सगळीकडे एकाच क्षणी कमाल झोत बसत नाही म्हणून, 72 चौरस मीटरला तो येतो 0.84 च्या आसपास. दोन्ही लावले की 95 चे साधारण 72 किलो होतात. ही सवलत कायदेशीर आहे, कुणी घेतली तर त्याला चूक म्हणता येणार नाही. मी बोर्डाच्या फ्रेमला घेतो, पण युनिपोलच्या खांबाला, अँकर बोल्टला आणि फूटिंगला घेत नाही. कारण साधं आहे, चार पायांच्या स्ट्रक्चरला एक पाय दगा देतो तेव्हा बाकीचे तीन थोडं सावरतात, इथे खांब एकच आणि तो गेला की सगळं गेलं.

आता पहिल्या इंजिनियरचा आकडा जुळवू. k1 0.76, k2 0.934, वर Kd आणि Ka दोन्ही. वेग येतो 27.7 आणि दाब सुमारे 35 किलो. बघा, 95 च्या जागी 35. एकही बेरीज चुकलेली नाही, फक्त प्रत्येक ठिकाणी हात आखडता घेतलाय.

दाब कळला, आता तो बोर्डाला किती "बसतो" ते बघू. याला फोर्स कोइफिशियंट म्हणतात. वारा सपाट फळीवर आपटतो तेव्हा समोरून ढकलतो आणि मागे पोकळी तयार होऊन ओढतोही, दोन्हीची बेरीज म्हणून हा आकडा 1 पेक्षा मोठा असतो. कोडच्या तक्त्यात बोर्डाची रुंदी भागिले उंची बघायची, तुमची 12 भागिले 6 म्हणजे 2, आणि बोर्ड जमिनीपासून पुरेसा वर आहे (खालची मोकळी जागा बोर्डाच्या उंचीच्या किमान पाव पट हवी, तुमची तर पूर्ण एक पट आहे), म्हणून 1.2. बोर्ड लांबट होत गेला की हा वाढत जातो, लांबी उंचीच्या 20 पट झाली तर 1.5.

हा तक्ता 15 मीटरपेक्षा कमी उंचीच्या होर्डिंगसाठी आहे, हे बरेच जण वाचतच नाहीत. 13 मे 2024 ला घाटकोपरला पडलं ते होर्डिंग 120 बाय 120 फुटाचं होतं, म्हणजे तुमच्या 18 पट क्षेत्रफळ, 17 माणसं गेली त्यात. तेवढ्या आकाराला हा तक्ता उघडून 1.2 लिहिणं हीच पहिली चूक ठरेल.

तर जोर = 1.2 × 95 × 72 = 8200 किलो, 8.2 टन. सवलती घेऊन 6.2 टन. पहिल्याच्या 35 किलोने बरोबर 3 टन येतात. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, कोडची किमान पायरी 6.2, मी धरेन 8.2, आणि 3 टन कुठल्याच वाचनाने बसत नाही.

पण एवढ्यावर थांबायचं नसतं, आणि दुसऱ्या इंजिनियरच्या नोटमध्येही ही गोष्ट आहे का ते जरूर बघा. तिरका वारा. वारा नेहमी समोरूनच येतो असं नाही, कोपऱ्यातून आला की वाऱ्याकडच्या कडेवर जास्त बसतो आणि लांबच्या कडेवर कमी. कोड सांगतो की एका कडेला 1.7 पट आणि दुसऱ्या कडेला 0.44 पट, मध्ये सरळ रेषेत उतरता, असा दाब धरूनही तपासा. सरासरी येते 1.07, म्हणजे जोर 8.2 चा 8.8 टन होतो, ते ठीक आहे. खरी भानगड अशी की हा जोर आता बोर्डाच्या मध्यावर नसतो, रुंदीच्या साधारण दहाव्या भागाने बाजूला सरकतो. 12 मीटरच्या बोर्डाला 1.2 मीटर. 8.8 टन गुणिले 1.2 म्हणजे 10 टन-मीटरच्या वर पीळ, खांबाला ओल्या कपड्यासारखं पिळल्यागत.

हा पीळ विसरला की काय होतं ते मी सिन्नरच्या बाजूला एका साइटवर बघितलंय. खांब शाबूत, फूटिंग शाबूत, पण वर खांबाला आडवा गर्डर जोडतात तिथल्या प्लेटच्या वेल्डला केसासारखी चीर, गंजाचा तांबडा ओघळ खाली आलेला. बोर्ड हायवेच्या रेषेत थोडा वळलेला वाटत होता म्हणून मालकाने बोलावलं. नोटमध्ये सगळं समोरच्या वाऱ्याचं गणित, पिळाचा एक शब्द नाही. उतरवावा लागला तो बोर्ड.

आता पायाकडे येतो. बोर्डाचा मध्य जमिनीपासून 9 मीटरवर. 8.8 गुणिले 9, वर खांबावरच्या वाऱ्याचा थोडा, म्हणजे जमिनीच्या पातळीला 80 टन-मीटर उलटवणारा मोमेंट आणि 9.1 टन आडवा जोर. फूटिंग 2.5 मीटर खोल घेतलं तर तळाला मोमेंट होतो 80 + 9.1 × 2.5 = 103 टन-मीटर. होर्डिंगचं फूटिंग घराच्या फूटिंगसारखं नाही. घराचं वजनाने दबतं, हे उपटून आडवं व्हायला बघतं. वजन इथे कमीच असतं, तुमच्या अख्ख्या स्टीलचं 8 टन. म्हणून पाया तोलून धरतो तो काँक्रीट आणि त्यावरची माती.

पहिल्याचं 3 × 3 मीटरचं, 2 मीटर खोल फूटिंग घेऊ. जाडी 60 सेंटीमीटर धरली तर स्टील, काँक्रीट, पेडेस्टल म्हणजे खांबाखालचा काँक्रीटचा ठोकळा, आणि वरची माती मिळून साधारण 44.5 टन, आणि उलटण्याची कड मध्यापासून 1.5 मीटर, म्हणजे रोखणारा मोमेंट 67. त्यांच्या 3 टनाने उलटवणारा येतो 33, म्हणून नोटवर सुरक्षेचा फॅक्टर छान 2 दिसतो. माझ्या लोडने 2 मीटर खोलीवर उलटवणारा 98. सवलतीचा 6.2 टन धरला आणि तिरक्या वाऱ्याचे 7 टक्के मिळवले तरी 73. दोन्ही वेळा 67 कमीच पडतात. आडवं.

मी 4.5 मीटर चौरस, 90 सेंटीमीटर जाड, 2.5 मीटर खोल घेऊन बघितलं. काँक्रीट 46 टन, पेडेस्टल 9, स्टील 8, वरची माती 46, एकूण 109. काँक्रीटचा कोड आयएस 456 म्हणतो की वजन 0.9 पटच मोजा आणि उलटवणारा 1.4 पट करून तपासा. 0.9 × 109 × 2.25 = 220, समोर 1.4 × 103 = 144. पास, आरामात. पण मी इथे दोन प्रश्न विचारतो.

पहिला, ती 46 टन माती तिथेच राहील याची हमी कोण देणार? हायवेची कड आहे, उद्या सर्व्हिस रोडचं गटार येईल, पाण्याची लाईन येईल, केबलवाले जेसीबी लावतील. माती काढून टाका, उरतात 63 टन, 0.9 × 63 × 2.25 = 127. 144 च्या खाली. फेल. कागदावर दणदणीत वाटणारा पाया एका चरामुळे नापास.

दुसरा, पाणी. काळ्या मातीत पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरून राहतो, काँक्रीट आणि माती त्या पाण्यात हलकी होतात. पाणी जमिनीपर्यंत धरलं तर 4.5 मीटरच्या फूटिंगला 50 टनांची उचल मिळते आणि हिशोब 118 वर येतो. परत फेल. ओढ्याच्या किंवा कॅनॉलच्या जवळ असाल तर हे काल्पनिक नाही.

5 मीटर चौरस केलं की काँक्रीटच 56 टन होतं. माती गेली तरी 165, पाणी भरलं तरी 155, दोन्ही 144 च्या वर. मातीवरचा दाब, माती धरून, कडेला 10 टन प्रति चौरस मीटर येतो आणि तळ पूर्ण टेकलेला राहतो. म्हणजे दुसऱ्या इंजिनियरचा 5 मीटरचा आकडा उगाच फुगवलेला नाही. 9 चौरस मीटरच्या जागी 25 होतात, खर्च वाढणारच.

आता 10 टन दाब कुठली माती घेते हा वेगळा मुद्दा. काळ्या मातीवर मी तेवढा सोडणार नाही. तुमच्या भागात वर काळी, खाली पिवळसर, मग मुरूम, मग काळा दगड असा थर असतो, पण मुरूम कुठे दीड मीटरवर लागतो कुठे तीनवर, शेजारच्या विहिरीवरून अंदाज करू नका. जेसीबीने एक खड्डा घ्या, पक्का मुरूम लागेपर्यंत खोदा आणि तपासणी करून घ्या. 2.5 मीटरला मुरूम लागला नाही तर खाली जायचं, आणि खोली वाढली की 103 चा आकडाही वाढतो, गणित पुन्हा करायचं.

काळ्या मातीची अजून एक खोड, जी आपल्या भागातल्या माणसाला सांगायची गरज नाही पण डिझाइन करणारे विसरतात. एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल अशा भेगा पडतात. काही लोक फूटिंग न करता गोल खोल खड्डा मारून त्यात खांब काँक्रीटने भरतात, आणि बाजूची माती खांबाला धरेल असं गृहीत धरतात. जोराचा झोत नेमका मेमध्ये येतो आणि तेव्हा वरचा मीटर-दीड मीटर मातीने खांबाला सोडलेलं असतं. ते डिझाइन करायचंच असेल तर वरच्या त्या थराचा आधार शून्य धरून करा.

शेवटची जागा बेस प्लेट. 80 टन-मीटर मोमेंट, 1.2 मीटर व्यासाच्या वर्तुळात 16 बोल्ट घेतले तर सगळ्यात कडेच्या बोल्टला दीडपट फॅक्टरसह 24.5 टन ओढ येते. बाजारात सहज मिळणारा 36 मिलीमीटरचा 4.6 ग्रेडचा बोल्ट 22 टनच घेतो. 20 बोल्ट करा, ओढ 20 टनांच्या आत येते. आणि बोल्ट पेडेस्टलच्या पिंजऱ्यात खोलवर, खाली प्लेटला बांधलेले हवेत. फाउंडेशनवाल्याने काँक्रीट झाल्यावर बोल्ट जुळत नाहीत म्हणून प्लेटची भोकं गॅसने मोठी केली तर ते काम तिथेच थांबवा, मी हे दोनदा पकडलंय.

फ्लेक्स फाटला की वारा निघून जातो, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. फाटेलही, पण कधी ते आपल्या हातात नाही, आणि मागे पत्रा ठोकला असेल तर फाटून काही फायदाच नाही. पुढे-मागे दोन्ही बाजूंनी बोर्ड लावणार असाल तर एकमेकांना समांतर ठेवा, इंग्रजी व्हीसारखा कोन केला की 1.2 चा तक्ता लागू होत नाही.

नोट परत करून घेताना दुसऱ्या इंजिनियरकडून एवढं मागा: कॅटेगरी कुठली आणि का, k1 किती, तिरक्या वाऱ्याचा पीळ, आणि माती काढल्यावरचा व पाणी भरल्यावरचा उलटण्याचा हिशोब वेगवेगळा. ड्रॉइंगवर "फूटिंगच्या कडेपासून 3 मीटरमध्ये खोदकाम करू नये" असं लिहून घ्या. उभं झाल्यावर दरवर्षी अक्षय तृतीयेच्या आसपास, म्हणजे वळीव सुरू व्हायच्या आधी, खांबाला दोन बाजूंनी ओळंबा लावून बघा, नट हाताने फिरतात का बघा, आणि पेडेस्टलच्या एकाच बाजूला मातीत फट दिसली तर ती उन्हाची भेग समजून बुजवू नका, आधी ओळंब्याचा आकडा मागच्या वर्षीशी ताडून बघा.